स्वातंत्र्य कुठलं? पान दोनवरचं की पान पाचवरचं?

"मॅडम, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातली, एम.ए. तत्त्वज्ञान पहिल्या वर्षाला आहे. 'सगळं आधीच ठरलेलं असलं तरी माणूस आपल्या कृतीला जबाबदार असतो' असा माझा निबंध आहे, अडीच हजार शब्दांचा. सरांनी शेरा मारलाय, 'आक्षेप तुमच्या स्वातंत्र्यावर नाहीच, दुसऱ्याच स्वातंत्र्यावर आहे. व्याख्या परत लिहा.' पण मी दुसऱ्या परिच्छेदात व्याख्या स्पष्ट दिलीये! परत लिहायची म्हणजे नक्की काय करायचं, शब्दकोशातली टाकू का? सोमवारी द्यायचाय. निबंध सोबत जोडलाय."

शब्दकोशातली नको गो. शब्दकोश काय सांगतो, तर लोक तो शब्द कसकसा वापरतात, आणि इथे घोळ नेमका हाच आहे की लोक 'स्वतंत्र' हा शब्द दोन तऱ्हांनी वापरतात आणि तूही दोन्ही तऱ्हांनी वापरलायस, स्वतःच्या नकळत.

काल दुपारी तुझ्या निबंधाची प्रिंट काढून पडवीत बसले, पावसाने कागद दमट झाला होता पण पेन्सिल उठत होती, आणि पहिलं काम काय केलं तर 'स्वतंत्र', 'स्वातंत्र्य', 'स्वतंत्रपणे' जिथे जिथे आलंय तिथे गोल केला. एकोणीस गोल झाले. मग प्रत्येक गोलाच्या बाजूला समासात लिहिलं की इथे या शब्दाचा अर्थ काय होतोय, तुझी व्याख्या न बघता, फक्त त्या वाक्यावरून. पहिल्या नऊ गोलांशी मी 'इच्छेने, जबरदस्ती नाही' असं लिहिलं. मग तुझा आक्षेपाचा भाग सुरू होतो आणि पुढच्या पाच गोलांशी हाताने आपोआप 'वेगळं करता आलं असतं' असं लिहिलं गेलं. आणि तुझं उत्तर सुरू झालं तसे उरलेले पाच परत 'इच्छेने, जबरदस्ती नाही'. सरांचा शेरा या समासात दिसतो. तूही हे एकदा हाताने कर, स्क्रीनवर शब्द शोधून नाही, कागदावरच, कारण गोल ओळीने दिसले की अर्थ कुठल्या ओळीत बदलला ते बोट ठेवून सांगता येतं.

आता तुझी तीन वाक्यं समोर घेऊ. व्याख्या: 'जी कृती माणूस स्वतःच्या इच्छेने, कुणाच्याही जबरदस्तीशिवाय करतो ती स्वतंत्र कृती.' आक्षेप: 'पण सगळं आधीच ठरलेलं असेल तर माणसाला वेगळं काही करताच आलं नसतं, मग त्याला स्वतंत्र कसं म्हणायचं?' तुझं उत्तर: 'त्याने जे केलं ते स्वतःच्या इच्छेने केलं, कुणी जबरदस्ती केली नाही, म्हणून तो स्वतंत्रच आहे.'

आक्षेपातला 'स्वतंत्र' शब्द काढून तिथे तुझी व्याख्या जशीच्या तशी बसव आणि मोठ्याने वाच: 'माणसाला वेगळं काही करता आलं नसतं, मग तो स्वतःच्या इच्छेने, जबरदस्तीशिवाय कसा वागला?' हे वाचून कुणीही म्हणेल, का नाही वागणार? वेगळं करता न येण्याचा आणि जबरदस्तीचा इथे संबंध काय? म्हणजे तुझ्या अर्थाने आक्षेप इतका कच्चा होतो की आक्षेप घेणारा असं बोलणारच नाही. आता दुसरा अर्थ बसव, 'वेगळं करता आलं नसतं, मग वेगळं करता कसं आलं असतं?' हे खरं आहे पण यात काही सांगितलंच नाही, आणि तुझ्या मूळ मुद्द्याला याने धक्काही लागत नाही कारण तू असं स्वातंत्र्य आहे असं कधी म्हटलंच नव्हतंस. एका अर्थाने आक्षेप चुकीचा, दुसऱ्या अर्थाने नुसती पुनरुक्ती. वाक्य दोन्ही अर्थांनी मोडतंय आणि तरी वाचताना त्यात दम आहे असं वाटतंय, असं झालं की समजायचं की दम त्या वाक्यात नसून न लिहिलेल्या दुसऱ्याच एका वाक्यात आहे. ते वाक्य आपल्याला शोधायचंय.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा प्रकार फार बारकाईने पाहिलाय. न्यायसूत्रांत 'छल' म्हणून वादातला एक दोष सांगितलाय आणि त्याचा पहिला प्रकार वाक्छल. त्याचं भाष्यातलं उदाहरण तू बी.ए.ला वाचलं असशील, 'नवकम्बल', म्हणजे या मुलाकडे नवं कांबळं आहे असं एक जण म्हणतो, आणि दुसरा 'नव' म्हणजे नऊ घेऊन म्हणतो की छे, याच्याकडे कुठे आहेत नऊ कांबळी, एकच तर आहे. बोलणाऱ्याच्या मनातला अर्थ सोडून दुसराच अर्थ धरून खंडन करायचं. तिथे प्रतिवादी हे मुद्दाम करतो. तुझ्या निबंधात मुद्दाम कुणीच केलेलं नाही, पण घडलंय तेच: पूर्वपक्ष 'वेगळं करता येणं' म्हणतोय आणि तू 'इच्छेने वागणं' धरून त्याचं खंडन करतेयस. पूर्वपक्षही तूच लिहिलायस म्हणून हे जास्त लागतं, समोरचा माणूस असता तर त्याने तिथल्या तिथे 'अहो मी ते म्हटलंच नाही' असं सांगितलं असतं.

मग आक्षेपवाल्याला खरं म्हणायचंय काय? मला वाटतं त्याला असं म्हणायचंय: 'तू म्हणतेस तसं इच्छेने आणि जबरदस्तीशिवाय वागणं असेलही, पण माणसाला जबाबदार धरायला तेवढं पुरत नाही, त्यासाठी वेगळं करता येणंही लागतं.' आता हा आक्षेप थेट तुझ्या निबंधाच्या वर्मावर आलाय. पण तुझ्या आत्ताच्या व्याख्येत त्याला बोलायला जागाच नाही, कारण दुसऱ्या परिच्छेदात तू स्वातंत्र्य म्हणजे अमुक असं व्याख्येनेच ठरवून टाकलंस, आणि व्याख्येशी कोण भांडणार. जो मुद्दा सिद्ध करायचा होता तो व्याख्येत घुसलाय. सर 'व्याख्या परत लिहा' म्हणतात ते यासाठी.

माझा सल्ला असा आहे की व्याख्येचे दोन तुकडे कर. पहिल्या तुकड्यात फक्त एवढंच सांग की या शब्दाकडून निबंधात कुठलं काम हवंय, आणि ते असं सांग की तुझ्या विरुद्ध बाजूचा माणूसही ते वाचून मान हलवेल. दुसऱ्या तुकड्यात तुझं स्वतःचं म्हणणं मांड, पण व्याख्या म्हणून नाही, दावा म्हणून. साधारण असं:

'या निबंधात "स्वातंत्र्य" म्हणजे एखाद्या कृतीसाठी माणसाला जबाबदार धरायचं तर त्या कृतीवर त्याचा जो ताबा असावा लागतो, तो ताबा. हा ताबा नेमका कशात असतो याबद्दल मतभेद आहेत. माझा दावा असा की कृती स्वतःच्या इच्छेने आणि जबरदस्तीशिवाय केलेली असेल तर एवढा ताबा पुरतो.'

पहिलं वाक्य व्याख्या, तिसरं वाक्य दावा. आता आक्षेप परत लिही: 'एवढा ताबा पुरत नाही. माणसाला जबाबदार धरायला जो ताबा लागतो त्यात वेगळं करता येणं हेही येतं, आणि सगळं आधीच ठरलेलं असेल तर ते उरत नाही.' बघ, 'ताबा' हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने आलाय. जबाबदारीला लागणारा ताबा. तू म्हणतेस त्याला इतकं पुरतं, तो म्हणतो पुरत नाही, म्हणजे दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलतायत आणि दोघांपैकी एकाचंच बरोबर असू शकतं. शिवाय 'तो इच्छेने वागला म्हणून स्वतंत्रच' हे तुझं जुनं उत्तर आता देताच येत नाही, कारण इच्छेने वागणं पुरतं का हाच तर प्रश्न झाला. तुला दुसरं उत्तर शोधावं लागेल. नव्या व्याख्येने उत्तर अवघड झालं तर घाबरू नकोस, ती बरोबर बसल्याचं ते लक्षण आहे.

मग उत्तर काय देशील? तुझ्याच घराजवळचं उदाहरण घेऊ. समज धोपाव्यातला एक जण आहे, संध्याकाळी फेरीबोटीने दाभोळला जाऊन आजारी मामाला औषधं पोचवीन असं त्याने कबूल केलंय. संध्याकाळ होते, त्याला कंटाळा येतो, मॅच चालू असते, तो ठरवतो की नाही जायचं. त्याला माहीत नाही पण दुपारीच वारं उठल्यामुळे फेरी बंद झालीये, आणि चिपळूणवरून रस्त्याने वळसा घालून जायचं तर वेळेत पोचणं शक्य नाही. म्हणजे तो गेला असता तरी वेळेत पोचला नसता. तरी मामा चिडेल की नाही? चिडेल, आणि आपणही म्हणू की त्याचं चुकलं. तो घरी राहिला तो स्वतःच्या इच्छेने, आणि वेगळं काही करता येणार नव्हतं हे त्याला माहीतही नव्हतं, त्याच्या घरी राहण्यात त्या गोष्टीचा काडीचाही हात नव्हता. जबाबदारी आहे, वेगळं करता येणं नाही. म्हणजे आक्षेपवाल्याचं 'लागतंच' हे डळमळलं.

हे उदाहरण माझं असलं तरी साचा जुना आहे. सतराव्या शतकात जॉन लॉकने असंच एक दिलंय, झोपलेल्या माणसाला उचलून एका खोलीत नेऊन ठेवतात, तिथे त्याला भेटायची फार इच्छा होती असा माणूस बसलेला असतो, बाहेरून कुलूप, हा जागा होतो आणि खुशीने तिथेच थांबतो, कुलूप आहे हे त्याला माहीतही नाही. लॉक म्हणतो हा थांबला स्वेच्छेने, पण त्याला निघून जायचं स्वातंत्र्य मात्र नव्हतं. लक्ष दे, लॉक 'स्वातंत्र्य' हा शब्द आक्षेपवाल्याच्या अर्थाने वापरतोय, आणि तुझा अर्थ 'स्वेच्छेने' या वेगळ्या शब्दात ठेवतोय. त्याच्याकडे दोन अर्थांना दोन शब्द होते म्हणून त्याचा गोंधळ झाला नाही. तू त्याचा उल्लेख करणार असशील तर त्याचा 'स्वातंत्र्य' म्हणजे तुझा 'स्वातंत्र्य' नाही हे एका वाक्यात सांगून टाक, नाहीतर विसावा गोल तिथे होईल. पुढे १९६९ मध्ये हॅरी फ्रँकफर्टने पर्याय नसतानाही माणूस जबाबदार असू शकतो असं दाखवणारी उदाहरणं रचली आणि तो वाद अजून चालू आहे, तुझ्या सरांना बहुतेक तिथे पोचलेली तू हवी आहेस.

आता खरी गंमत पुढे आहे, कारण आक्षेपवाला इथे गप्प बसणार नाही. तो म्हणेल, 'दाभोळला पोचणं त्याच्या हातात नव्हतं हे कबूल, पण जेट्टीपर्यंत जाणं तर होतं. निघायचं ठरवणं होतं. आपण त्याला दोष देतो तो निघालाच नाही याचा, आणि ते त्याला वेगळं करता आलं असतं.' हा आक्षेप चांगला आहे. आणि बघ, तो पुन्हा एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे, या वेळी 'कृती' या शब्दाच्या. कृती म्हणजे 'मामाकडे न पोचणं' की 'न जायचं ठरवणं'? तू हे कुठेच सांगितलेलं नाहीस, आणि न सांगता उत्तर दिलंस तर सरांचा तोच शेरा परत येईल, फक्त शब्द बदलून. म्हणून पहिल्याच पानावर लिही की आपण कशाच्या जबाबदारीबद्दल बोलतोय. माझं मत विचारशील तर 'ठरवणं' घे. ते तुला जड जाईल, कारण मग फेरीबोटीचं उदाहरण एकट्याने पुरणार नाही, ठरवण्यालाही पर्याय नव्हता असं उदाहरण लागेल (फ्रँकफर्टची उदाहरणं नेमकी तिथेच जायचा प्रयत्न करतात). पण 'न पोचणं' घेतलंस तर सोपा विजय मिळेल आणि आक्षेपवाला हरलेला नसेलच.

दुसरा शब्द 'करता येणं'. मराठीत हा आपल्याला फार फसवतो. 'मला पोहता येतं' हे मी आत्ता पडवीत बसून म्हणू शकते आणि ते खरं आहे. 'आज पोहता येणार नाही, समुद्र खवळलाय' हेही खरं आहे. पहिल्यात अंगातलं कौशल्य, दुसऱ्यात आजची परिस्थिती. तिसराही अर्थ आहे आणि तुझ्या आक्षेपवाल्याला तोच हवाय: आत्तापर्यंतचं सगळं जग तसंच, निसर्गनियम तेच, आणि तरीही वेगळी कृती घडू शकली असती. सगळं आधीच ठरलेलं असेल तर पहिले दोन अर्थ शाबूत राहतात, फक्त तिसरा जातो. तू तिसऱ्या पानावर लिहिलंयस की 'त्याची इच्छा असती तर त्याला वेगळं करता आलंच असतं', हे पहिल्या दोन अर्थांच्या जवळचं आहे, १९१२ साली जी. ई. मूरने असाच मार्ग सुचवला होता. मार्ग वाईट नाही, पण आक्षेपवाला 'इच्छा असती तर' म्हणतच नाहीये, तो म्हणतो इच्छाही आधीच ठरलेली होती. म्हणून आक्षेपाच्या वाक्यात 'करता आलं असतं' असं मोघम न ठेवता 'तोच भूतकाळ आणि तेच नियम असताना वेगळं करता आलं असतं' असं पूर्ण लिही. वाक्य लांब होईल, होऊ दे. एकदा पूर्ण लिहिलंस की पुढे 'या अर्थाने पर्याय असणं' असं म्हणून भागेल.

'आधीच ठरलेलं' याबद्दल थोडंच सांगते. चौथ्या पानावर एका ओळीत तू 'नशिबात असेल ते होणारच' असं लिहिलंयस, ती ओळ काढ. नशिबाची कल्पना अशी की तू काहीही केलंस तरी शेवट तोच. तुझ्या निबंधातला नियततावाद म्हणतो की भूतकाळ आणि निसर्गनियम मिळून पुढचं ठरतं, आणि त्या साखळीत तुझं ठरवणंही एक कडी आहे, तू वेगळं ठरवलं असतंस तर शेवटही वेगळा झाला असता. आपल्याकडे 'ठरलेलं' म्हटलं की वाचक ललाटरेषेकडेच जातो, म्हणून 'भूतकाळ आणि नियमांनी ठरलेलं' असं पहिल्यांदाच स्पष्ट कर.

आता व्याख्या बदलली की मागचं सगळं परत तपासावं लागतं, हे बरेच जण विसरतात. व्याख्या बदलतात, आक्षेप दुरुस्त करतात, आणि उदाहरणं जुनीच राहतात. तुझं सावकाराचं उदाहरण बघ, धमकी देऊन गहाणखतावर सही घेतली म्हणून सही करणारा जबाबदार नाही. जुन्या व्याख्येखाली हे तुझ्या बाजूने पुरावा वाटत होतं. नव्या मांडणीत ते कुणाच्याच बाजूने नाही, कारण धमकी आली की तो माणूस सुटतो हे आक्षेपवालाही मान्य करतो. ठेवायचं तर ठेव, पण 'इथपर्यंत दोघांचं एकमत' म्हणून ठेव. भांडण जिथे आहे तिथलं उदाहरण धोपाव्याचं आहे, त्याला जागा दे. आणि शेवटच्या परिच्छेदात 'म्हणून माणूस स्वतंत्र आहे' लिहिलंयस तिथे व्याख्या बसवून वाच, 'म्हणून माणसाचा कृतीवर जबाबदारीला पुरेल इतका ताबा आहे', आणि बघ की तू खरंच इतकं दाखवलंस का.

एक धोका सांगते, कारण शिकवताना हे खूपदा पाहिलंय आणि विद्यार्थी असताना स्वतःही केलंय. आक्षेप लिहून झाल्यावर विद्यार्थी मागे जातात आणि व्याख्येत एक शेपूट लावतात, 'स्वतंत्र म्हणजे इच्छेने, जबरदस्तीशिवाय, मग पर्याय असोत वा नसोत'. कागदावर अर्थ जुळतो, एकोणीसच्या एकोणीस गोल सारखे होतात, पण आक्षेप आता व्याख्येनेच मेला, त्याला उत्तर द्यायची गरजच उरली नाही. माझा असा एक निबंध एका परीक्षकांनी 'शब्दाने जिंकलात' एवढंच लिहून परत केला होता, आणि त्या वेळी मला राग आला होता, पण ते बरोबर होते. म्हणून गोल सारखे झाले की आणखी एक परीक्षा घे: फक्त व्याख्येची ओळ एखाद्या मैत्रिणीला वाचून दाखव आणि विचार, यावरून माझं मत काय असेल? तिने बरोबर ओळखलं तर व्याख्येत अजून तुझा दावा लपलाय. तिला सांगता आलं नाही तर जमलं.

आणि 'स्वतंत्र' शब्दाने फारच त्रास दिला तर आक्षेपाच्या आणि उत्तराच्या भागात तो शब्द वापरायचाच नाही असं ठरव. डेव्हिड चाल्मर्सने २०११ च्या एका लेखात नुसत्या शब्दांवरचे वाद ओळखायला हीच युक्ती सांगितलीये: शब्दावर बंदी घालायची आणि बघायचं की त्याच्याशिवाय मतभेद सांगता येतो का. तुझ्या बाबतीत येतो, 'इच्छेने वागणं जबाबदारीला पुरतं का, की पर्यायही लागतात'. मतभेद खरा आहे, फक्त तो शब्दाखाली झाकला गेला होता. सगळ्या निबंधातून मात्र शब्द काढू नकोस, वाचायला कोरडं होतं, ती दोन पानं पुरेत.

सोमवार जवळ आहे म्हणून क्रम सांगते. आज फक्त पहिलं पान: 'कृती', 'ताबा' आणि 'ठरलेलं' यांची एकेक ओळ, आणि खाली दावा वेगळ्या वाक्यात. उद्या आक्षेप परत लिही, आणि उत्तराकडे न बघता लिही, जणू दुसऱ्या कुणीतरी तुझ्याविरुद्ध लिहिलाय. उत्तर परवा. 'जेट्टीपर्यंत तर गेला असता' या आक्षेपाला तुला पूर्ण उत्तर सापडणार नाही कदाचित, तसं असेल तर शेवटचं 'अशा प्रकारे आक्षेप फोल ठरतो' हे वाक्य खोड आणि त्या जागी लिही की आक्षेप कुठपर्यंत टिकतो आणि कुठे अडतो. आणि दुरुस्त केलेलं पहिलं पान रविवारी सकाळपर्यंत पाठवलंस तर मी पुन्हा गोल करून बघीन.